कोऱ्या कागदावरचा शिक्का

"वहिनी, आमच्या बीदरचा बाजार बघायला रशियन येऊन गेलाय. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी दीडशेहून जास्त वर्षं!"

भाऊजी मूळचे भालकीचे. तारापूरच्या कारखान्यात नोकरी, घर सरावलीत, पण जीव बीदरात. मी कुंपणावरची तोंडली तोडत होते. म्हटलं, "आला कसा?"

"अफनासी निकितिन त्याचं नाव. बोटीनं चौलला उतरला, विकायला एक घोडा घेऊन. जुन्नरच्या खानानं तो घोडाच अडकवला. म्हणाला, मुसलमान हो, नाहीतर घोडा गेला आणि वर दंड भर. एका खुरासानी माणसानं मध्यस्थी करून सोडवला. तो घोडा शेवटी बीदरला विकला."

"मग प्रवासाबद्दल काय लिहिलं?"

"रडगाणं! मला फसवलं म्हणे, आपल्या देशात खपेल असा माल इथं नाहीच. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे. बीदरला घोडे, रेशीम, गुलाम सगळं विकायला. महालाला सात दरवाजे, प्रत्येकावर पहारेकरी आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद करणारे कारकून."

"आपल्या कंपनीच्या गेटसारखं."

"अगदी! त्या वेळी बहमनींचा वजीर होता महमूद गावान. इराणातल्या गिलानचा, तोही व्यापारी म्हणूनच दाभोळला उतरलेला. याचा नाद वेगळा. दूरदूरच्या विद्वानांना पत्रं लिहायचा, बीदरला या म्हणून. हेरातच्या जामी कवीलाही लिहिलं."

"आला?"

"छे! पण पत्रव्यवहार राहिला. १४७२मध्ये गावाननं मदरसा बांधला, तीन मजली. निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर अक्षरं, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं. आज गेलात तर एकच मिनार दिसेल. औरंगजेबाच्या काळात दारूचा स्फोट होऊन पुढचा अर्धा भाग गेला."

मला मात्र त्या वजिराचं पुढं काय झालं, तेच हवं होतं.

"पत्रानंच घात केला," भाऊजी कुंपणाला टेकले. "दुश्मनांनी त्याच्या शिक्केवाल्याला फितवलं, कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि वर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं. सुलतान प्यायलेला. गावान म्हणाला, शिक्का माझा, मजकूर माझा नाही. ऐकतो कोण? १४८१च्या एप्रिलमध्ये तिथंच मारला."

"कोऱ्या कागदावर शिक्का! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे ऐकवा."

"पुढं ऐका. सुलतानाला वाटलं, केवढी दौलत असेल. खजिनदाराला बोलावून हिशेब मागितला, तर हाती फारसं काही नाही. ग्रंथ होते खरे, पण तेही मदरशातल्या पोरांसाठी ठेवलेले."

"आणि सुलतान?"

"वर्षाच्या आत तोही गेला. तोंडली द्या की थोडी इकडं."