सतरा उणे सात

स्पर्धेच्या नियमात लिहिलं होतं: दहा स्लाइड, फाइल पीडीएफमध्ये, प्रोटोटाइपची स्लाइड सक्तीची. आमच्या झाल्या होत्या सतरा.

गाय कावासाकी नावाच्या अमेरिकी गृहस्थाचा नियम मला तोंडपाठ होता. दहा स्लाइड, वीस मिनिटं आणि तीस पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. पण हा माणूस पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांच्या पोट्ट्यांना एका टीममध्ये घेऊन कधी बसला नसावा. आमची पहिलीच स्लाइड तीन दिवस अडली. पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, म्हणून पांढुर्ण्याच्या दोघांना स्वतःचं गाव वर हवं होतं. सौंसरचे आम्ही दोघं अर्थातच विरोधात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. आमची शीर्षकाच्या स्लाइडवर झाली, आणि तह म्हणून टीमच्या स्लाइडी दोन झाल्या.

सात कमी करायच्या होत्या. माझ्या मामाचा संत्र्याचा बगीचा आहे. तो म्हणाला, "दहा म्हटलं तं दहाच कर ना बे." पण मी हुशार. एकेका स्लाइडवर दोन-तीन स्लाइडींचा मजकूर एकावर एक ठेवला आणि ॲनिमेशन लावलं. एक टिचकी मारली की फोटो जाणार, तक्ता येणार. दुसरी टिचकी, तक्ता जाणार, किंमत येणार. मोजायला दहा, दाखवायला सतरा. त्या रात्री मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आमचं यंत्र संत्र्यांची प्रतवारी करणारं होतं. मामाच्या बगीच्यात माल नजरेनं छाटला जातो, आणि कुठलं फळ मोठं, कुठलं मध्यम यावरून खरेदीदाराशी रोज वाद होतो. आम्ही चार फुटांचे दोन पीव्हीसी पाईप उतरते बसवले. वरच्या टोकाला त्यांच्यात पन्नास मिलिमीटरची फट, खाली पंचाहत्तरची. फळ वरून सोडायचं, ते घरंगळत जाणार आणि फट त्याच्याएवढी झाली की खालच्या खान्यात पडणार. म्हणजे लहान आधी, मोठं शेवटी. चाळीस फळं सोडून पाहिली, त्यातली अकरा चुकीच्या खान्यात गेली.

त्याचं कारण आम्हाला कळलं होतं. आपलं संत्रं चेंडूसारखं गोल नसतं, चपटं असतं. देठ पाईपाच्या दिशेला वळला तर फटीत फळाची उंची येते, म्हणजे कमी माप, आणि ते लवकर पडतं. देठ वर राहिला तर रुंदी येते आणि तेच फळ पुढे जातं. पाईप फिरते ठेवले तर फळ वळत राहील असा आमचा अंदाज होता. म्हणून गाडीच्या वायपरची मोटर लावली. तारा उलट्या जोडल्या गेल्या. पाईपांचे वरचे भाग फटीपासून बाहेर फिरायला हवेत, ते आत फिरू लागले. फळ फटीत ओढलं गेलं आणि मामाच्या सदऱ्यावर रस उडाला. मोटर काढून ठेवली. हे सगळं, अकरा चुकांसकट, मी प्रोटोटाइपच्या स्लाइडवर पहिल्या टिचकीच्या तक्त्यात ठेवलं होतं.

पीडीएफमध्ये टिचकी नसते, हे मला सभागृहात कळलं. ॲनिमेशनचं सगळं सामान त्यात एकदम पडतं. पडद्यावर यंत्राच्या फोटोवर तक्ता, तक्त्यावर "फक्त ४,२०० रुपये", आणि व्हिडिओच्या जागी त्याचं पहिलं चित्र: वाकलेल्या मामाची पाठ. अक्षरं अकरा पॉइंटची. मागून पांढुर्ण्याचा मित्र कुजबुजला, "बारदान्यात कोंबल्यासारखं दिसून राह्यलं बे."

मी "यात आपल्याला स्पष्ट दिसेल की" म्हणून सुरुवात केली. हे वाक्य पाठ केलेलं होतं.

एक वयस्कर परीक्षक उठून थेट टेबलावरच्या यंत्रापाशी आले. त्यांनी एक संत्रं उचललं, वरून सोडलं. तिसरं खानं. तेच उचलून पुन्हा सोडलं. दुसरं खानं. तिसऱ्यांदा पुन्हा तिसरं, चौथ्यांदा चौथं.

"एकच फळ, माप तीन," ते म्हणाले. "असं का होतं, माहीत आहे तुम्हाला?"

"हो सर, चपटं असतं ना. चाळीसमध्ये अकरा चुकतात. स्लाइडवर लिहिलंय."

"कुठं?"

मी पडद्याकडे बोट केलं. "चार हजार दोनशेच्या खाली, सर."

ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही पाठ कुणाची?"

बक्षीस दुसऱ्यांना गेलं. परतीच्या वाटेत आम्ही चौघांनी ते चाचणीचं संत्रं सोलून खाल्लं. फोडी दहा निघाल्या.