फळ्याचा फोटो आणि ५१ बाइटांचा गृहपाठ

आमच्या मजल्यावर सातवीतली एक मुलगी राहते. परवा रात्री ती हातात कागद घेऊन आली आणि म्हणाली, "काका, शुद्धलेखन बघून द्या ना." विनंतीपत्र होतं, समासासकट. उजव्या कोपऱ्यात दिनांक, डावीकडे 'प्रति', खाली 'महोदया'. मी चष्मा लावला.

"विषय : गृहपाठाचा फोटो न उघडल्यामुळे मजकूर मिळण्याबाबत.

महोदया,
आज शेवटच्या तासाला आपण फळ्यावर गृहपाठ लिहिलात. आम्ही वह्या काढल्या. आपण म्हणालात, 'लिहीत बसू नका, ग्रुपवर टाकते,' आणि फोटो काढून फळा पुसलात. तो फोटो आईच्या फोनवर आला आहे, पण उघडत नाही. गोल फिरतो, पाऊण होतो आणि थांबतो. तरी गृहपाठात काय होते ते कृपया अक्षरांत कळवावे, ही नम्र विनंती.
आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी"

शुद्धलेखनाची एक चूक काढायला मिळाली नाही. हे आमच्या पिढीला फार लागतं.

मी विचारलं, फोटो उघडलेला नाही हे बाईंना दिसत नाही का? ती म्हणाली, "त्यांना निळ्या रेघा दिसतात." बरोबर आहे. ग्रुपवर फोटो येतो तेव्हा आधी येतो तो नखाएवढा, धुकट नमुना. खरा फोटो मागून, वेगळा उतरवून घ्यावा लागतो. आईने ग्रुप उघडून तो धुकट चौकोन पाहिला की तिकडे नोंद होते, यांनी वाचलं. बाईंनी त्या संदेशावर बोट दाबून माहिती काढली, तर वाचलेल्यांच्या यादीत आई आहे. उद्या वर्गात, "फोटो मिळाला नाही म्हणतेस? आईने बघितलाय की!" त्या धुक्यात काय दिसतं ते मीही पाहिलं. वर हिरवट, खाली काळपट, मधून ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. कोकणातली पावसाळी सकाळ म्हणून चाललं असतं.

आता हिशेब. गृहपाठ साधारण कसा असतो? 'पान ३२, उदाहरण १ ते ४'. फोनमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, आकडे सगळे धरून अशी १५ चिन्हं, म्हणजे ४५ बाइट. पाच मोकळ्या जागा आणि एक स्वल्पविराम यांचा एकेक. एकूण ५१. आता फोटो. ग्रुपवर चढताना तो दाबून लहान केला जातो, तरी या चौकोनावर आकडा होता १५० केबी. तेवढ्यात असे जवळपास तीन हजार गृहपाठ मावतात. रोज तीन विषयांचा गृहपाठ आणि वर्षाला शाळेचे दोनशे दिवस धरले, तर पाच वर्षं झाली. पोरगी सातवीतून बारावीत जाईल इतका अभ्यास तिच्या आईच्या फोनवर पाऊण होऊन अडकलाय. बाईंच्या फोनमध्ये दाबण्याआधीचा मूळ फोटो असेल तो सहज ३ एमबीचा. त्याच हिशेबाने तो ९८ वर्षांचा गृहपाठ आहे. तिच्या नातवंडांना पुरेल. हे सगळं करून वाचवलं काय? तर पंचेचाळीस मुलांनी एक ओळ वहीत उतरवायला लागणारी दोन मिनिटं. मुलं समोर, खडूने लिहिलेली ओळ समोर, हातात पेन्सिल, वही उघडी. अक्षर फळ्यावरून डोळ्यात, डोळ्यातून वहीत. ना रेंज लागत होती, ना आईचा फोन. ही सोय इतकी जुनी आहे की कुणाला ती सोय वाटतच नाही.

बाईंना बोलून उपयोग नाही, हे मला कळतं. मला जो राग येतो तो त्यांच्यावर नाहीच. त्यांना गृहपाठ दिल्याचा फोटो वर पाठवायचा असतो. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. खिचडी वाढली, वाढतानाचा फोटो, खातानाचा फोटो, आणि जमलं तर मुलांच्या चेहऱ्यावर समाधान. शिकवलं असं लिहून दिलं तर कुणाचा विश्वास नाही, आणि शिकवतानाचा फोटो काढायचा तर तेवढा वेळ शिकवणं थांबवायला लागतं. ज्या माणसाच्या ताब्यात चार डझन पोरं रोज सहा तास बिनधास्त देतो, त्याच्या एका ओळीवर आपला भरवसा नाही, पुरावा लागतो! आणि वर बसलेला तो पुरावा उघडून बघतो का? त्याच्याकडेही गोल फिरत असेल. पण पोचल्याची रेघ उमटते, आणि सगळ्यांना हवी असते ती रेघ. पूर्वी शाळा-तपासणीला साहेब यायचे, वर्गात एखाद्या पोराला उठवून वही बघायचे. पोरं घाबरायची, बाई घाबरायच्या, पण वही बघितली जायची हो.

असो. रक्तदाब सांभाळून मी तिला म्हटलं, आमचं वायफाय लाव. तिने आईचा फोन आणला. गोल फिरला, पाऊणच्या पुढे गेला आणि फोटो चक्क उघडला. आम्ही दोघं त्यावर वाकलो.

उजव्या कोपऱ्यात बाईंचा अंगठा. खाली पहिल्या बाकावरच्या दोन पोरांची डोकी, एकाचा भोवरा स्पष्ट. गणिताच्या ओळीवर ट्यूबलाइट सांडलेली. पान ४१ की ४९? देवनागरीत एक आणि नऊ यांची डोकी सारखीच वळतात, फरक असतो तो शेपटीत, आणि शेपटीवर नेमका उजेड. मी मोठं करून पाहिलं तर आकडा पसरला आणि चौकोन चौकोन दिसायला लागले. फोटो दाबतात ते आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी पाडून. प्रत्येक चौकटीतला बारीक तपशील फेकून देतात, कारण चेहऱ्यावर किंवा आभाळात तो गेला तरी डोळ्याला कळत नाही. अक्षर म्हणजे मात्र नुसती कड. काळ्याला लागून लगेच पांढरं. तिथे तपशील फेकला की कडेभोवती माशा घोंगावल्यासारखी घाण जमते. आणि सगळ्यात आधी बळी जातो तो अनुस्वार. एका ठिपक्याचा जीव तो केवढा!

मराठीच्या ओळीत लिहिलं होतं, 'वाक्यात उपयोग करा'. त्यापुढचा पहिला शब्द तिने 'पेढा' वाचला. मी 'पेंढा' वाचला. डोक्यावर काहीतरी होतं. तो अनुस्वार होता की खडूचा कण, यावर दहा मिनिटं गेली. ती म्हणाली, "काका, मी लिहिते, 'गाईने पेढा खाल्ला.' दोन्हीत चालेल."

मी म्हटलं, मग आता पत्राचं काय? फोटो तर उघडला.

तिने कागद पुढे ओढला, विषयाच्या ओळीवर वाकली, आणि पट्टी लावून एकच अक्षर खोडलं.

"विषय : गृहपाठाचा फोटो उघडल्यामुळे मजकूर मिळण्याबाबत."