दोनच्या ठोक्याला

आमचा सर्व्हर रोज रात्री दोन वाजता पेंगतो, अशी तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा मी त्याचीच बाजू घेतली. रात्री दोनला सभ्य माणसं काय करतात? पण आमचं गिऱ्हाईक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं. त्यांच्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात आणि त्यांची माणसं आमच्या सर्व्हरवरचे स्कॅन केलेले कागद उघडत बसलेली असतात. एरवी दोन सेकंदांत उघडणारा कागद त्या वेळी चाळीस सेकंद घ्यायचा. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दुपारी दुकान बंद! सर्व्हर पुण्यातला आहे याचा याहून सज्जड पुरावा नसेल.

सकाळी दहाला मी बघावं, तर सगळं झक्कास. डिस्कवर भरपूर जागा, मेमरी मोकळी, सर्व्हर अंघोळ करून गंध लावून बसलेला. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणाऱ्या पोरासारखं ते प्रकरण होतं. मॅनेजर म्हणाले, "त्यांच्याकडूनच लोड येत असणार. दिवस संपत आला की सगळे एकदम कामाला लागतात." मला हे पटलं. स्वतःचा दोष नसलेली कारणं मला चटकन पटतात.

मग 2024 चा नोव्हेंबर आला. पहिल्या रविवारी अमेरिकेने घड्याळं तासभर मागे केली आणि सोमवारी त्यांची मेल आली, की आता त्रास साडेतीनलाच सुरू होतो. मॅनेजर हादरले. "अहो, हे पसरतंय!" मी मात्र बोटांवर हिशेब केला. त्यांचं दुपारचं साडेतीन म्हणजे आता आपले रात्रीचे दोनच. त्यांच्या माणसांमुळे हे होत असतं तर ते त्यांच्या घड्याळाबरोबर सरकलं असतं, आपल्याकडे तीनला झालं असतं. हा जो कोणी होता, त्याने आपली वेळ सोडली नव्हती. चोर घरातला होता.

आमच्या सर्व्हरवर `sar` दर दहा मिनिटांनी नोंद ठेवतो. आठवडाभराच्या नोंदी काढल्या. रोज दोन ते साधारण चार वीस या वेळात प्रोसेसर फारसं काम करतच नव्हता, नुसता डिस्ककडे तोंड करून वाट बघत होता. यालाच आयओवेट म्हणतात. एरवी दोन टक्के असणारा हा आकडा त्या वेळात साठच्या घरात. पण `sar` हा सोसायटीच्या वॉचमनसारखा. चोरी किती वाजता झाली ते सांगतो, कोणी केली ते नाही.

ठरल्या वेळी रोज होणारं काम म्हणजे क्रॉन, एवढं कळायला मोठी अक्कल लागत नाही. लिनक्सचा हा गुरव दर मिनिटाला उठून यादी बघतो आणि ज्याची वेळ झाली त्याची घंटा वाजवतो. मी रूट म्हणून `crontab -l` केलं. यादीत दोनचं काहीच नाही. `/etc/cron.d` बघितलं, तिथेही नाही. मग मी क्रॉनला निर्दोष सोडून दिलं आणि चार दिवस डेटाबेसच्या मागे लागलो. हा माझा गाढवपणा. `crontab -l` ज्याने विचारलं त्याचीच यादी दाखवतं. इतरांच्या याद्या `/var/spool/cron` मध्ये आपापल्या नावाने पडलेल्या असतात. एका वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि मी मालकाच्या स्वयंपाकघरात डोकावून म्हणत होतो, कुठे काही शिजत नाही.

शेवटी मंगळवारी रात्री जागायचं ठरवलं. बायको म्हणाली, "नवरात्रात आरतीला जागत नाहीस, आणि याच्यासाठी जागतोस!" एक एकोणसाठपर्यंत सगळं शांत. दोन वाजले आणि डिस्क खडखडायला लागली (म्हणजे ती बाणेरला आणि मी सहकारनगरला, पण मला ऐकू आलं). `iotop` लावला. सगळ्यात वर `tar`. त्याचा बाप कोण, हे बघायला `ps -ef --forest`. `tar` चा बाप `sh`, त्याचा बाप क्रॉन, आणि मालकाच्या रकान्यात नाव `kaka`.

काका आमच्याकडे माझ्याआधी होते. 2019 मध्ये निवृत्त झाले, पण त्यांचं खातं कोणी बंद केलं नव्हतं. त्यांच्या यादीत एकच ओळ होती:

```
0 2 * * * tar czf /data/tmp/d.tgz -C /data daftar; scp /data/tmp/d.tgz juna:/backup/; rm -f /data/tmp/d.tgz
```

सगळं दफ्तर एका गठ्ठ्यात बांधा, `juna` नावाच्या मशीनवर पाठवा, इथला गठ्ठा पुसा. ओळ 2016 ची. तेव्हा दफ्तर पंधरा जीबीचं, दहा मिनिटांत काम आटपायचं. आता ते एकशे नव्वद जीबी झालं होतं, आणि स्कॅनच्या पीडीएफ आधीच दाबलेल्या असल्यामुळे पुन्हा दाबून जागाही फारशी वाचत नव्हती. आणि `tar` एवढं सगळं वाचत सुटला, की गिऱ्हाइकाला नेहमी लागणारे, मेमरीत हाताशी ठेवलेले कागद बाहेर ढकलले जात. म्हणून प्रत्येक कागद पुन्हा त्याच दमलेल्या डिस्कवरून आणावा लागे.

पण खरी गंमत अर्धविरामांत होती. `;` चा अर्थ: आधीचं काम जमो न जमो, पुढचं कर. तिथे `&&` असतं तर पाठवणं फसल्यावर गठ्ठा पुसला गेला नसता, सकाळी मला दिसला असता. इथे पहाटे साडेचारच्या आत पुरावा नष्ट.

आणि पाठवणं फसतच होतं. क्रॉन बिचारा प्रामाणिक, कामातून काही कुरकूर निघाली की मालकाला टपाल टाकतो. काकांची पेटी उघडली तर 1,247 पत्रं, एकही न फोडलेलं. सगळ्यांत तोच मजकूर:

```
ssh: Could not resolve hostname juna: Name or service not known
```

पहिलं पत्र 15 जून 2021 चं. आदल्या दिवशी आम्ही कोथरूडहून बाणेरला ऑफिस हलवलं होतं आणि `juna` ला भंगारवाल्याच्या टेम्पोत मीच हाताने चढवलं होतं.

ओळ बंद करायला हात पुढे केला आणि पोटात गोळा आला. आमचा बॅकअप हाच तर नव्हता ना? रात्री तीन वाजता मी नव्या बॅकअपमधून एक जुनी फाईल परत काढून, उघडून बघितली. उघडली. मग पाणी प्यालो. ओळ पुसली नाही, पुढे `#` लावला आणि शेजारी तारीख आणि माझं नाव लिहिलं. अडीच तासांचं काम तिथेच थांबवलं, तशी डिस्क पाच मिनिटांत शांत झाली.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. चारनंतर, कारण एक ते चार ते फोन घेत नाहीत.

"काका, तुमचा दोनचा जॉब सापडला."

"अजून चालतोय?" आवाजात कौतुक मावेना.

"चालतोय. पण `juna` भंगारात गेला. तीन वर्षं रोज गठ्ठा बांधतोय, पत्ता सापडत नाही म्हणून टाकून देतोय."

काका थोडा वेळ गप्प बसले.

"पण वेळेवर ना?"

"दोनच्या ठोक्याला."

"हं," काका म्हणाले.