शंभराच्या तुटीला एकशे अठरा

उंद्रीत सप्टेंबर म्हणजे सोयाबीन शेतात अन् खिसा रिकामा. नेमका याच महिन्याच्या सरासरी शिलकेवरून बँकेने काकांच्या खात्यातून ३ ऑक्टोबरला ११८ रुपये कापले. किमान सरासरी २,००० ठेवायची होती म्हणे.

काका पासबुक घेऊन आले. "तीनच आकडे हायेत बापा. नऊशे, मंग बोकड इकलं तवा सहा हजार नऊशे, मंग पुन्हा नऊशे. बेरीज सत्याऐंशीशे, भागिले तीन. एकोणतीसशे! दंड कायचा?"

हिशेब बिनचूक, पण पद्धत चुकीची. पासबुकात ओळ उमटते ती व्यवहार झाला त्या दिवशी. मधले मुके दिवस त्यात दिसत नाहीत. बँक मात्र ते मोजते. रोज दिवसअखेरची शिल्लक घ्यायची, महिनाभराची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचे. सकाळी दहा हजार भरून दुपारी काढले, तर सरासरीच्या लेखी ते आलेच नाहीत.

मी कॅलेंडर काढले. १ ते १० तारखेपर्यंत रोज ९००, झाले ९,०००. अकराला बोकडाचे सहा हजार आले. ते १५ पर्यंत टिकले, म्हणून ६,९०० गुणिले पाच, ३४,५००. सोळाला मजुरीपायी सहा हजार गेले. उरलेले पंधरा दिवस ९०० प्रमाणे १३,५००. एकूण ५७,०००. भागिले तीस, १,९००.

"म्हंजे बँक खरी?" काकांचा चेहरा पडला. बोकड आणखी एक दिवस खात्यात बसला असता तर सरासरी २,१०० झाली असती, हे मी सांगायला नको होते. मजुरांचा उद्धार सुरू झाला.

पण तूट किती? शंभर. शंभर कमी पडले म्हणून एकशे अठरा! रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे: दंड तुटीच्या प्रमाणात हवा, आणि आधी ग्राहकाला कळवून महिनाभराची मुदत द्यायला हवी. या बँकेच्या दरपत्रकात लिहिले होते, तुटीच्या ६ टक्के, कमाल १०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दंड ६ रुपये, कर १.०८, एकूण ७.०८. कुणीतरी कमाल मर्यादेलाच दर समजून बसले होते.

कॅलेंडरच्या झेरॉक्ससह अर्ज दिला. साहेबांनी बराच वेळ बोटे मोजली आणि ११०.९२ परत करायचे कबूल केले. नोटिशीचा मेसेज कुठे गेला, यावर ते संगणकाकडे बघत राहिले.

काका मात्र उठेनात. "सायेब, पैसे तीन तारखेपासून जमा धरा. नाईतर तुमच्या कापण्यानंच माही ऑक्टोबरची सरासरी घसरते, अन् पुन्हा दंड तुमीच लावता."