शहराचं नाव बदललं, शोधणारा तोच आहे

सरकारने शहराचं नाव बदललं की दोन कामं लगेच सुरू होतात. पाट्या रंगवणारे ब्रश काढतात आणि वेबसाइटवाले जुने लेख उघडून मथळे बदलत सुटतात. पाटी रंगवल्याने कुणाचा धंदा बुडत नाही. मथळ्याने बुडू शकतो, आणि बुडाला हे कळेपर्यंत महिना उलटलेला असतो.

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. पुढच्या वर्षी अहमदनगर अहिल्यानगर झालं. भिवंडीहून माल या सगळीकडे जातो. तेव्हा समजा, माणकोलीला ऑफिस असलेला एक ट्रान्सपोर्टवाला आहे. त्याच्या वेबसाइटवर कधीकाळी कुणीतरी एक लेख लिहून ठेवला: 'भिवंडी ते औरंगाबाद ट्रान्सपोर्ट: पार्ट लोडचं भाडं कसं ठरतं'. दिसायला काही खास नाही. पण गुगलवर हा लेख वरच्या चारपाचात येतो, आणि त्यावरून रोज दोनचार फोन येतात.

आता शेठना वाटतं, वेबसाइट जुनाट दिसते. पुतण्या नुकताच मार्केटिंगचा कोर्स करून आलाय. तो मथळा लिहितो: 'छत्रपती संभाजीनगर लॉजिस्टिक्स २०२६: तुमच्या व्यवसायाला नवी गती!' उद्गारचिन्ह पाहून शेठ खूश. हिशेब मात्र असा: भिवंडी गेली, औरंगाबाद गेलं, ट्रान्सपोर्ट गेलं, पार्ट लोड गेलं आणि भाडंही गेलं. राहिली फक्त गती. आणि ती कोणत्या दिशेची, हे फोनच सांगेल. नारपोलीतला कापडवाला चार ताके पाठवायचे असतील तेव्हा 'व्यवसायाला नवी गती' असं टाइप करत नाही. तो टाइप करतो, 'भिवंडी औरंगाबाद ट्रान्सपोर्ट भाडं'.

मथळ्याला हात लावण्याआधी विचारायचं ते पुतण्याला नाही, गिऱ्हाइकाला. तेही फुकटात होतं. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्सचा अहवाल उघडायचा, पेजेसमध्ये जाऊन तो एक लेख निवडायचा आणि मग क्वेरीज पाहायच्या. लोकांनी नेमके कोणते शब्द टाइप केले आणि हा लेख त्यांना दिसला, याची यादी समोर येते. प्रत्येक शब्दापुढे लेख किती वेळा दिसला, किती वेळा क्लिक झाला आणि सरासरी कितव्या जागी होता, तेही येतं. मागचे सोळा महिने तिथे असतात. त्याआधीचं मिळत नाही. म्हणून ही यादी उतरवून ठेवायची. शेजारी वहीत जुना मथळा जसाच्या तसा आणि बदलाची तारीख लिहायची. लोक मथळा बदलतात आणि जुना काय होता तेच विसरतात. मग परतीची वाटच राहत नाही.

ही यादी वाचायलाही थोडी नजर लागते. लेख चौथ्या जागी आहे, हजारदा दिसतो, पण क्लिक मोजकेच, तर दोष बहुधा मथळ्याचा. लोक पाहतात आणि पुढे सरकतात. लेख चाळिसाव्या जागी असेल तर मथळा सोन्याने मढवलात तरी उपयोग नाही; तिथे मजकूरच कमी पडतोय. आणि लेख वर आहे, क्लिकही भरपूर आहेत, तर हात मागे बांधून बसायचं. चालत्या गाडीचं टायर बदलायची हौस फार जणांना असते.

आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याचं दुखणं मात्र खरं आहे. शहराचं नाव बदललंय, आणि जुनंच नाव ठेवलं तर उद्या नव्या नावाने शोधणारा येणार नाही. पण जुनं काढलं तर आज शोधणारा जाईल. सरकारी कागदावर नाव एका दिवसात बदलतं, बोटांची सवय तशी बदलत नाही. त्यात औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे, म्हणजे नुसतं जुनं नाव आता आणखी संदिग्ध. यावर तोडगा अगदी साधा आहे, म्हणूनच कुणाला आवडत नाही: दोन्ही नावं ठेवा. 'भिवंडी ते छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) ट्रान्सपोर्ट: पार्ट लोडचं भाडं'. क्वेरीजच्या यादीत ज्या शब्दांवर क्लिक येत होते ते सगळे जागेवर, वर नवं नाव. काढलं फक्त 'कसं ठरतं'. दरवर्षी यादी पाहायची. नवं नाव टाइप करणारे वाढले आणि जुनं दिसेनासं झालं, की कंसही काढून टाकायचा. तो निर्णय गिऱ्हाइकांनी घ्यायचा, आपण नाही.

इथे जागेचा प्रश्न येतो. गुगल मथळ्याची लांबी अक्षरं मोजून ठरवत नाही. पडद्यावर मावेल तेवढा दाखवतं, बाकीचा कापतं. 'साठ अक्षरांचा नियम' म्हणून जे सांगतात ते इंग्रजी अक्षरांच्या रुंदीवरून काढलेलं अनुमान आहे. जोडाक्षरं आणि काने-वेलांट्या असलेल्या मराठीला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. म्हणून कामाचे शब्द आधी आणि मिरवायचे शब्द शेवटी. 'महाराष्ट्रातील सर्वात विश्वासार्ह, नं. १' हे सुरुवातीला टाकलं तर गिऱ्हाइकाला आपण किती विश्वासार्ह ते कळेल, पण माल कुठे नेतो ते कळणार नाही.

गुगल आपला मथळा निमूट दाखवेलच असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी मथळे निवडायची पद्धत बदलली, तेव्हा जगभरच्या वेबसाइटवाल्यांनी आरडाओरडा केला. महिन्याभरात गुगलने सुधारणा केली आणि सांगितलं, की साधारण ८७ टक्के वेळा पानाचा स्वतःचाच मथळा वापरला जातो. उरलेल्या वेळी ते पानावरचं मोठं शीर्षक किंवा दुसरा मजकूर उचलतात. त्याचं एक कारण आपणच देतो: कोडमधला मथळा एक आणि पानावरचं शीर्षक दुसरंच. पुतण्या एकीकडे संभाजीनगर करतो, दुसरीकडे औरंगाबाद तसंच राहतं. मग गुगल त्याला आवडेल ते उचलतं. म्हणून दोन्हीकडे एकच बोलायचं.

सगळ्यात मोठा घोळ मात्र मथळ्यात नसतो, पत्त्यात असतो. लेखाचा पत्ता आहे `bhiwandi-te-aurangabad-transport`. शेठना वाटतं, मथळ्यात नवं नाव आलं तर पत्त्यातही यायला हवं. नको. पत्ता कुणी वाचत नाही. पण बाहेरच्या सगळ्या लिंका आणि गुगलची ओळख त्याच पत्त्याला जोडलेली असते. गोडाऊन राहनाळहून काल्हेरला हलवलं आणि जुन्या गाळ्यावर वॉचमन ठेवला नाही, तर ट्रक येऊन बंद शटरसमोर उभा राहतो. वेबसाइटवर त्या शटरला 404 म्हणतात आणि वॉचमनला 301. वर्डप्रेसमध्ये पोस्टचा पत्ता बदलला तर जुन्यावरून नव्यावर पाठवायची सोय आपोआप होते, पण पेज म्हणून बनवलेल्या पानांना ती नाही. हा फरक आधी माहीत असतो तो फार थोड्यांना.

बरं, नवा पत्ता मराठीत ठेवू म्हणाल तर आणखी मजा. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा नऊ चिन्हांची होते. 'भ' म्हणजे `%E0%A4%AD`. नुसत्या 'भिवंडी'ची चोपन्न चिन्हं. आणि वर्डप्रेस पत्ता दोनशे चिन्हांवर कापतं. 'भिवंडी ते छत्रपती संभाजीनगर' असा पत्ता द्यायला जा, गणित असं बसतं की 'संभाजी'पर्यंत मावतं आणि 'नगर' गळून पडतं. सरकारने दिलेलं नगर सॉफ्टवेअरने काढून घेतलं, याचा मोर्चा कुठे न्यायचा?

आता तो '२०२६'. मथळ्यात चालू साल घातलं की लेख ताजा होतो, ही एक लाडकी समजूत आहे. मजकुरात काही न बदलता नुसती तारीख बदलून पान ताजं भासवताय का, हा प्रश्न गुगलने स्वतःच्या मार्गदर्शनात थेट विचारलाय. आमच्या शेठच्या लेखात खरं तर ताजं करण्यासारखं भरपूर आहे. आत लिहिलंय की ई-वे बिल दर शंभर किलोमीटरला एक दिवस चालतं. १ जानेवारी २०२१ पासून ते दोनशे किलोमीटर झालंय. रस्ता लिहिलाय कसारा घाटातून नाशिकमार्गे. आणि ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच! म्हणजे नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता यांच्या दारात येऊन संपतो, आणि यांचा लेख अजून कसाऱ्यात अडकलाय. टोल आणि वेळ बदलले की भाड्याचं गणितही बदलतं. हे लिहिलं तर मथळ्याला साल लागत नाही. न लिहिता साल घातलं तर जुन्या मालाला नवं लेबल.

बदल केला की सर्च कन्सोलमध्ये तो पत्ता टाकून पुन्हा तपासायची विनंती करायची आणि थांबायचं. पुतण्याला हेच सगळ्यात अवघड जातं. एका दिवशी चाळीस लेखांचे मथळे बदलले तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. आधी एक लेख, तोही कमी महत्त्वाचा. मग चार आठवडे आधीचे आणि चार आठवडे नंतरचे समोरासमोर ठेवायचे. मध्ये दिवाळी असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडायचं; नाहीतर सणाची गर्दी आपल्या मथळ्याच्या खात्यावर जमा होते.

मुख्य शब्दावर लेख दिसणंच कमी झालं आणि जागाही घसरली, तर बहुधा कामाचा शब्द मथळ्यातून गेलाय: वही उघडा, जुना मथळा परत लावा. जागा तीच, दिसणं तेच, पण क्लिक कमी, तर नवा मथळा लोकांना पटलेला नाही. आणि तेव्हा गुगलवर स्वतः शोधून पाहायचं, की दिसतोय तो मथळा आपला आहे की त्यांनी बदललेला. खूपदा आपण ज्याच्यावर रुसलेलो असतो तो मथळा कुणाला दिसलेलाच नसतो.

शेठना हे सगळं सांगितलं तर ते एकच विचारतील: 'म्हणजे वेबसाइट दिसायला होती तशीच राहणार?' हो शेठ, जवळपास तशीच. फोन येत राहायला हवेत ना?