वैशाखातील फलटण आणि एका पंख्याची चौकशी

पुण्याहून जेजुरी, नीरा, लोणंद करीत फलटणास जाणारा रस्ता ज्ञानोबामाउलींच्या पालखीचा. वारकरी तो आषाढी एकादशीच्या आधी पायी चालतात, आणि आम्ही मात्र एका लग्नाच्या मुहूर्तापायी ऐन वैशाखातील दुपारी, मोटारीच्या एसीवर भिस्त ठेवून, त्या वाटेस लागलो. गाडी धावे तोवर आत माघ महिना नांदत असे. परंतु लोणंदला कांद्याच्या ट्रकांमागे ती उभी राहिली, तोच झरोक्यांतून उष्ण वारे वाहू लागले. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मामांनी मागील आसनावरून तत्काळ निवाडा दिला : "गॅस संपला!" पुढे तरडगावच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पुन्हा गार झाली, तरी निवाडा कायम राहिला, कचेरीत एकदा शेरा पडला की तो खोडण्याची वहिवाट नसते.

फलटणच्या मिस्त्रींनी मात्र निकालाआधी तपास केला. बॉनेट उघडून त्यांनी इंजिन व एसी चालू ठेवला आणि पुढच्या जाळीमागील कंडेन्सर दाखविला. आतली उष्णता घेऊन आलेला तापलेला गॅस तेथे बाहेरच्या हवेने निवून द्रवरूप होतो. धावत्या गाडीला ही हवा समोरून फुकट मिळते, उभ्या गाडीस ती पंख्याने ओढून द्यावी लागते. आमचा पंखा तर पाती मोजून घ्यावीत इतक्या सावकाश फिरत होता.

"पण गॅस?" मामांनी फेरतपासणीचा अर्ज केला.

"थांबा की, मामा," म्हणून मिस्त्रींनी उभ्या गाडीचीच रेस वाढविली. कॉम्प्रेसर अशक्त असता किंवा गॅस थोडा उणा असता, तर एवढ्याने गारवा बहुधा वाढला असता. तो तिळमात्र वाढला नाही. मग त्यांनी कंडेन्सरवर बादलीभर पाणी हळूहळू ओतले, आणि मिनिटभरात आत माघ परतला. अर्थात गॅस निर्दोष, उणीव वाऱ्याची. कंडेन्सरच्या पातळ पापुद्र्यांत धूळ बसली असती तरी हेच झाले असते. पण ते स्वच्छ होते. पंख्याच्या प्लगवर मीटर लावता तेरा व्होल्टांहून अधिक दाब भरला, म्हणजे फ्यूज, रिले आणि तारा यांचीही सुटका झाली. उरली मोटर, तिचे कार्बन झिजले होते.

मामांच्या फर्मानाप्रमाणे वर आणखी गॅस भरला असता, तर आधीच चढलेला दाब अधिक चढून सुरक्षेच्या स्विचाने कॉम्प्रेसरच बंद पाडला असता. मोटर बदलली; त्यानंतर श्रीराम मंदिरापाशी वरातीत अडकलेल्या गाडीत मामांनी उपरणे कानांवर घेतले आणि गारठ्याविषयी नवी तक्रार दाखल केली.

आपली गाडी धावताना गार आणि उभी असता गरम होत असेल, तर गॅसचे पैसे मोजण्यापूर्वी वाचकांनी बॉनेट उघडून पंखा पाहावा. हात मात्र आत घालू नये, कारण थांबलेला पंखा पूर्वसूचनेवाचून फिरू लागतो.