घरबसल्या इंद्रवज्र: नवशिक्या व्हिडिओकारांसाठी मार्गदर्शिका

हरिश्चंद्रगडावरचा व्हिडिओ करायचा तर पहिली पायरी म्हणजे गडावर न जाणे. फोन उघडा, एआयला सांगा, ‘कोकणकड्यावर इंद्रवज्राचा व्हिडिओ करायचाय, सगळा आराखडा दे.’ चहा गाळून होईपर्यंत आराखडा तयार असतो. वेळापत्रक, कोणते शॉट घ्यायचे त्याची यादी, सामान, आणि निवेदनही. निवेदनात तुमच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलेले असते. तुम्ही अजून डोंबिवलीत आहात, ही किरकोळ बाब.

दुसरी पायरी: आराखडा वाचू नका. वाचलात तर त्यात एखादे वाक्य असे सापडू शकते: ‘सायंकाळी ५.३० वाजता कड्यावर पोहोचा, सूर्यास्ताबरोबर इंद्रवज्र टिपा.’ भाषा इतकी ठाम की शंका घेणे उद्धटपणाचे वाटावे.

पण घ्याच. इंद्रवज्र म्हणजे खालच्या धुक्यावर उमटणारे गोल रंगीत कडे. ते दिसायला सूर्य पाठीशी लागतो आणि धुके समोर, खाली. गडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. म्हणजे सूर्य पूर्वेला हवा, सकाळी. संध्याकाळी तो तुमच्या समोर असणार आणि सावली मागे पठारावर पडणार. फोटो सुरेख येतील, इंद्रवज्र येणार नाही. सकाळीही हमी नाहीच. दरी धुक्याने भरलेली आणि वर ऊन, हे दोन्ही एकाच वेळी जमावे लागते.

ही एक ओळ दुरुस्त केली की सगळा आराखडा उलटा फिरतो. सकाळी कड्यावर असायचे तर आदल्या रात्री पायथ्याच्या पाचनई गावात मुक्काम, तिथून पहाटे अंधारात निघणे, चढाईला दोन-तीन तास, गडावरच्या मंदिरापासून कडा आणखी पुढे. म्हणून टॉर्च, वाट माहीत असलेला गावातला माणूस, आणि कॅमेऱ्याला पावसाळी पिशवी. ही उलटी गणिते मांडायला एआय खरोखर उपयोगी पडते. तुम्ही ‘आम्ही चौघे, दोन फोन, पाचनईची वाट, सकाळचे ऊन पाठीशी हवे’ एवढे पक्के सांगितलेत, तर वहीत तासभर खाणारे काम काही मिनिटांत होते. फक्त एक लक्षात ठेवा. तुम्ही ‘सकाळी’ म्हटल्यावर ते लगेच ‘बरोबर आहे तुमचे’ म्हणते, पण ‘दुपारी बारा’ म्हटले असते तरी कदाचित तेच म्हणाले असते. तेव्हा वाट, गाडीची वेळ, पावसात वाट बंद आहे का, हे गावातल्या माणसालाच फोन करून विचारा.

निवेदनासाठी मात्र उलट युक्ती. एआयकडून वाक्ये घेऊ नका, प्रश्न घ्या: वाटेत कोणाशी बोलणार? केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उभे राहिल्यावर काय जाणवले, हे कोण सांगणार? कड्यावरच्या जागी आराखड्यात चक्क रिकामी ओळ सोडा. ती परतीच्या गाडीत भरायची.

आता तिसरी पायरी, सर्वांत मोहाची. धुके दाट, ऊन नाही, इंद्रवज्र नाही. ‘बनवून टाकू एक.’ बनवाच, पण जाणकार ओळखतील. त्या रंगीत कड्याचे केंद्र नेहमी बघणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सावलीवर असते. फोटोत ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवती येते. बनावट चित्रात सूर्य आणि कडे एकाच चौकटीत झळकतात, किंवा कडे दूर उभ्या मित्राच्या डोक्याभोवती देवाच्या प्रभावळीसारखे फिरते. दोन्ही अशक्य.

राहिला कबुलीचा भाग. यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना ‘Altered content’ असा प्रश्न येतो. कल्पना, आराखडा, संहितेचा मसुदा किंवा सबटायटल यांसाठी एआय वापरले, तर ‘हो’ म्हणायची सक्ती नाही. रंग थोडे उजळले तरी नाही. पण खऱ्या जागेचे, खरे वाटेल असे न घडलेले दृश्य बनवून घातले, तर ‘हो’ म्हणावेच लागते. इंद्रवज्राचे बनवलेले दृश्य नेमके यात बसते. नियम फक्त इतकाच मागतो. माझे मत त्याहून थोडे कडक आहे. ती खूण बहुतेक वेळा वर्णनाच्या घडीत दडलेली असते आणि ती घडी फारसे कोणी उघडत नाही. म्हणून ते दृश्य चालू असतानाच पडद्यावर लिहा: ‘हे इंद्रवज्र एआयने बनवलेले आहे. आम्ही गेलो त्या सकाळी फक्त धुके होते.’ आणि वर्णनात: ‘वेळापत्रक आणि शॉटची यादी एआयच्या मदतीने, वाट गावात विचारून पक्की केली, निवेदन आमचे.’ ‘काही भागांत आधुनिक तंत्रज्ञानाचा वापर’ असले गुळमुळीत वाक्य नको, त्यातून कोणालाच काही कळत नाही.

तुम्ही खूण लावली नाहीत, तर यूट्यूब स्वतःहूनही ती लावू शकते. मग ती काढणे तुमच्या हातात राहत नाही.